तुम्ही विचारलंत म्हणून: पाणीच तर घातलंत

“दादा, हे हापूसचं कलम 120 रुपयांना आणि तेच जरा उंच झालं म्हणून 900 ला? मधल्या वर्षांत तुम्ही पाणीच तर घातलंत ना?”

हो, पाणीच घातलं. आता ते किती घातलं, कोणी घातलं आणि त्या पाण्यापलीकडे मी काय केलं नाही, हे एकदा सगळं सांगून टाकतो. दर जूनमध्ये मिरगाचा पहिला पाऊस पडून गेला की टेम्पो घेऊन येणाऱ्या दर तिसऱ्या माणसाला मी हे तुकड्यातुकड्याने सांगतो. मागे दुसरं गिऱ्हाईक उभं असतं, आणि मग अर्धंच सांगून होतं. ते अर्धं नेहमी माझ्या सोयीचं असतं, हेही खरं.

आधी सोयीचं सांगतो. आमच्या सिंधुदुर्गात ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस पाठ फिरवतो तो जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. म्हणजे आठ महिने पिशवीतलं झाड माझ्या तोंडाकडे बघत असतं. जमिनीतलं झाड मुळं लांबवून स्वतःची सोय बघतं. पिशवीतल्याला ती मुभा नाही. 18 बाय 18 च्या पिशवीत साधारण 30 किलो माती मावते आणि अशा एका कलमाला एका वेळी तीन लिटर पाणी लागतं. थंडीत दिवसाआड, मार्चपासून रोज. एका उन्हाळी फेऱ्यात असं एकशेसाठ-पासष्ट वेळा पाणी घालावं लागतं. पाइप हातात घेऊन 400 पिशव्या भिजवायला बाईमाणसाचे सव्वादोन तास जातात. आजच्या 400 रुपये मजुरीने एका झाडामागे एका वेळचे सत्तावीस-अठ्ठावीस पैसे होतात आणि वर्षाचे 45 रुपये. तीन वर्षं सांभाळलं तर 135. मोटरचं बिल धरा, मे महिन्यात विहीर तळाला गेली की येणारा टँकर धरा, तरी 200 च्या वर जात नाही.

म्हणजे तुमचं बरोबर आहे. पाण्याने 900 होत नाहीत.

उरलेल्यात मोठी पिशवी आली, जांभी माती, रेती नि शेणखत आलं, भरण्याची मजुरी आली. जागा आली. लहान पिशव्या एकमेकींना चिकटून उभ्या राहतात, एका चौरस फुटात सात-आठ. मोठ्या झाडाच्या फांद्या शेजारच्याला लागल्या की आतली पानं पिवळी पडतात, म्हणून त्याला एकट्यालाच अडीच-तीन फूट द्यावे लागतात. आणि मेलेली झाडं आली. शंभर मोठ्या पिशव्यांत भरली तर तिसऱ्या वर्षी सत्तर उभी असतात, आणि त्या तिसांचा खर्च या सत्तरांच्या अंगावर पडतो. हे सगळं बेरजेत धरलं की पाचशे-साडेपाचशेपर्यंत येतं. वरचे साडेतीनशे माझे. त्याबद्दल मला लाज वाटत नाही.

पाण्याबद्दल मात्र एक गोष्ट या हिशेबात बसत नाही. आमच्याकडे पाणी घालायला येते ती काकी चौदा वर्षं येतेय. ती पाइप धरून नुसती चालत नाही. दर पाच-सहा पिशव्यांमागे एखादी बुडाशी धरून किंचित तिरकी करते, वजन बघते आणि पुढे जाते. जड असेल तर त्या दिवशी त्या ओळीला पाणी नाही. नवीन मुलगा ठेवला की तो सगळ्यांना सारखं घालतो, आणि सावलीतली ओळ महिन्याभरात मूळकुजीने बसते. तर 2016 च्या उन्हाळ्यात एकदा काकी मांगराच्या पडवीत येऊन मला म्हणाली, “भाऊ, मागची ती ओळ पाणी पिना नाय. वरना घातलंय काय कडेन भायर येता.”

मी म्हटलं, “माती घट्ट झाली असेल, काडीने भोकं पाड.”

ती म्हणाली, “मातीच नाय रे आत.” मी हिशेबाच्या वहीत होतो. ऐकलं आणि सोडून दिलं. हे वाक्य लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

आता गैरसोयीचं.

मोठं कलम म्हणजे काय, हे तुम्ही कधी विचारत नाही. तुम्हाला वाटतं, मी काही झाडं निवडून, मुद्दाम तीन-चार वर्षं सांभाळून मोठी केली. बोर्डावरही आम्ही तसंच भासवतो. खरं म्हणजे मोठं कलम हे बहुतेक वेळा त्या वर्षी न खपलेलं लहान कलम असतं. आमचा धंदा आठ-दहा आठवड्यांचा. जूनच्या मध्यापासून जुलैअखेर बागायतदार येतात, मग गणपतीला चाकरमानी येतात तेव्हा थोडी विक्री होते, आणि संपलं. 3,000 कलमं बांधली आणि 2,400 गेली तर उरलेल्या सहाशेंना पुढचे आठ महिने पाणी पाजायचं की कंपोस्टच्या खड्ड्यात टाकायची, एवढाच प्रश्न असतो. पाजलं तर ती पुढच्या वर्षी मोठी म्हणून उभी राहतात आणि त्यांच्यावर मोठ्याचा भाव चढतो. उरलेला माल दरवर्षी महाग होतो असा दुसरा धंदा मला तरी माहीत नाही.

यात फसवणूक आहे का? मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो की नाही. शंभर रोपांत कमी-जास्त जोम असतोच, आणि जोमदार आधी विकलं जातं असंही नाही. लोक पुढची ओळ उचलतात, मागची राहते, म्हणून राहिलेलं ते वाईट असं नाही. हे आजही मी छातीठोकपणे सांगेन. वाईट झालं ते राहिल्यामुळे नाही, राहताना ज्या पिशवीत राहिलं तिच्यामुळे झालं.

कोय कलमाचं तुम्हाला माहीत आहे. मे-जूनमध्ये रायवळाच्या ताज्या कोयी रुजत घालायच्या, तांबूस पालवीचं कोवळं रोप वर आलं की हापूसची काडी पाचर मारून बांधायची. दापोलीच्या विद्यापीठाने ही पद्धत घराघरात पोहोचवली म्हणून आमच्यासारख्यांच्या नर्सऱ्या उभ्या राहिल्या. पण कोयीतून येणारं रोप म्हणजे सोटमूळ आलं. आंब्याचं सोटमूळ सरळ खाली जायला निघालेलं असतं आणि 6 बाय 8 च्या पिशवीत त्याला खाली जायला जेमतेम सहा-साडेसहा इंच मिळतात. तळाला लागलं की ते वळतं. पहिल्या वर्षी, म्हणजे या जुलैचं कलम पुढच्या जूनमध्ये जमिनीत गेलं तर, ते वळण नुसतं वाकडेपण असतं. लावताना सोडवलं, टोक छाटलं की काम झालं. दुसरा पावसाळा त्याच पिशवीत काढला की त्याचं वेटोळं होतं, बाजूची मुळं पिशवीच्या भिंतीवर गोल फिरायला लागतात, आणि मुळं जाड होत जातील तसा तो आकार पक्का होतो. लाकडाला एकदा बाक आला की तो बाक राहतो. नंतर त्याला हवी तेवढी मोकळी जमीन द्या, जुनी मुळं त्या गोलातून बाहेर पडत नाहीत. कडेने नवी बारीक मुळं फुटतात, पानं हिरवीगार राहतात, झाड वाढतं. पण उभं असतं ते खुंटीसारखं. बुंधा मुळांनी जमिनीत धरलेला नसतो, खोचलेला असतो.

म्हणून लहान पिशवीतून मोठीत भरताना मुळं कापावी लागतात. पिशवी फाडायची, तळाची इंचभर चटई धारदार सुरीने सपाट उडवायची, गोळ्याच्या बाजूला तीन ठिकाणी वरून खाली उभे चिरे द्यायचे, सोटमूळ वळलं असेल तर वळणाच्या वर छाटायचं. हे पाऊस लागल्यावर करायचं आणि झाडावर कोवळी पालवी नसताना करायचं. मग महिनाभर शेडनेटखाली ठेवायचं. कापलेलं झाड रुसतं. अर्धी पानं टाकतं, शेंडा सुकवतं, शंभरातली दहाएक मरतात, आणि जी जगतात ती गणपतीच्या सुमाराला इतकी भिकार दिसतात की फुकट दिली तरी कोणी नेणार नाही.

न कापता तसंच मोठ्या पिशवीत बसवलं तर यातलं काहीच होत नाही. एक पान गळत नाही. नवी माती, नवं खत, महिन्यात नवी पालवी. गिऱ्हाईक येतं, दोन्ही बघतं आणि न कापलेलं उचलतं. आमच्या धंद्यातली खोट ही अशी आहे. ज्याच्याशी नीट वागलो ते आजारी दिसतं, आणि ज्याचं वाटोळं केलं ते तजेलदार.

हे मला कळत नव्हतं असं नाही. प्रशिक्षणात शिकवलेलं होतं. 2012 मध्ये मी 120 कलमं शिकल्याप्रमाणे कापून भरली. शेडनेट पुरेसं नव्हतं, मधे आठवडाभर पावसाने उघडीप दिली, आणि चाळीस मेली. वडील खळ्यात उभे राहून बघत होते. म्हणाले, “जिवंत झाड कापायचं आणि मग मेलं म्हणून रडायचं, ह्या खंयचा शास्त्र?” 2014 मध्ये पाऊस लांबला. जून कोरडा गेला. माझ्याकडे आदल्या जुलैची 300 कलमं उरलेली, विहिरीत पाणी बेताचं, कापली तर 2012 पेक्षा वाईट होणार हे दिसत होतं. मी कापली नाहीत. पिशवी फाडली, गोळा उचलला, मोठ्या पिशवीत ठेवला, कडेने माती दाबली. दोन दिवसांत तीनशे उरकली. एकही मेलं नाही. त्या वर्षी मी बोर्डावर रंगवून घेतलं, ‘मोठी कलमं घ्या, तीन वर्षं वाचवा’. ती अक्षरं मला फार आवडली होती.

ती तीनशे हळूहळू गेली. त्यातली चाळीस जून 2017 मध्ये एकदम गेली.

घेणारे काका रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. डोंबिवलीहून निवृत्त होऊन गावी घर बांधलेलं, आमच्यापासून सतरा किलोमीटरवर, कातळाच्या सड्यावर. असा नेटका माणूस मी गिऱ्हाइकात पाहिला नाही. कातळ ब्रेकरने फोडून तीन फूट लांब, तीन रुंद, तीन खोल असे चाळीस खड्डे काढलेले, प्रत्येकात बाहेरून आणलेली माती नि शेणखत, ठिबकची नळी आधीच अंथरलेली. खड्ड्यांचा खर्च झाडांच्या कितीतरी पट होता. मोठी कलमं मी त्यांना 600 ने लावली, 24,000 झाले. वर दहा लहान कलमं भाव न करता टाकली, कोपऱ्यात कुठेतरी लावा म्हणून. काकांनी ती मागच्या गडग्याच्या आडोशाला लावली.

पुढची चार वर्षं दर मे महिन्यात काकांचा फोन यायचा. झाडं वर आली, मोहर आला तो पहिली वर्षं तुम्ही सांगितलंत म्हणून खुडला, या वर्षी प्रत्येकी आठ-दहा आंबे ठेवलेत. 2020 च्या लॉकडाऊनपासून ते गावीच होते. मी त्यांचं उदाहरण इतर गिऱ्हाइकांना देत असे. दहा-अकरा फूट उंची, गच्च पानं, बागेचा फोटो माझ्या फोनमध्ये होता.

16 मे 2021 च्या रविवारी तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याला घासून वर गेलं. माझं शेडनेट सगळं गेलं, पिशव्या आडव्या झाल्या, पण पिशव्या उभ्या करता येतात. वीज नाही, फोन नाही. चौथ्या दिवशी रेंज आली आणि काकांचा फोन आला. म्हणाले, “वेळ झाला की येऊन जा. काही घाई नाही.” आवाज अगदी नेहमीचा.

बंदीचे दिवस होते, तरी बाइक काढून गेलो. वाटेत रायवळांच्या फांद्या पडलेल्या, काजूची झाडं मधून फाटलेली, पोफळी कमरेत मोडलेल्या. मोडलेलं झाड कसं दिसतं हे सतरा किलोमीटर बघत गेलो. काकांच्या सड्यावर मोडलेलं एकही नव्हतं. चाळिसातली सव्वीस कलमं एका दिशेला डोकी करून आडवी पडली होती. फांद्या शाबूत, पानं हिरवी, काहींवर आंबे तसेच लोंबत होते. आणि प्रत्येकाच्या बुडाशी डबा उपडा करावा तसा मातीचा गोल गोळा, खड्ड्यातून अलगद बाहेर आलेला.

मला तिथे पोहोचल्यावर दहा सेकंदांत कळलं. काकांना कळलं नव्हतं. ते म्हणाले, “वारा बघितलास ना काय होता. सड्यावर आडोसा नाही, तू तरी काय करणार.” आणि मी काय म्हणालो माहीत आहे? मी म्हणालो, “हो ना काका, वादळच तसं होतं.”

तेवढ्यावर निघून आलो असतो तर चाललं असतं, ही गोष्ट मला अजून छळते. कोणी काही म्हणालं नसतं. पण काका फिटर. त्यांना गोळा आत कसा आहे ते बघायचं होतं. टाकीत पाणी होतं. त्यांनी पाइप आणला आणि एका गोळ्यावर धरला. बाहेरची माती वाहून गेली तशी 18 इंची पिशवीच्या आकारात फिरलेली मुळं उघडी पडली, करंगळीएवढी, एकावर एक. त्यांच्या आत माझी 2014 ची भरलेली माती. तीही धुतली. आणि तिच्या आत, मधोमध, नारळापेक्षा लहान असा दुसरा गोळा निघाला. लाकडाचा. 6 बाय 8 च्या पिशवीचा हुबेहूब साचा, तळाला पिशवी चिमटलेली असते तो चिमटासुद्धा त्यात उमटलेला. सोटमुळाने आत तीन वेढे घेतले होते आणि अंगठ्याएवढं जाड होऊन ते स्वतःच्याच गळ्यात रुतलं होतं. काकी ज्याला “मातीच नाय रे आत” म्हणाली होती, ते हे.

काकांनी पाइप बंद केला. वाकून ते वेढे बोटाने मोजले. म्हणाले, “ही तर स्प्रिंग आहे. ही कोणी गुंडाळली?”

मी सांगितलं. 2012 चं सांगितलं, 2014 चं सांगितलं, तीनशे झाडं दोन दिवसांत उरकल्याचं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. मग त्यांनी आत जाऊन बायकोला चहा टाकायला सांगितला.

सव्वीसपैकी आठ आम्ही उभी करून बघितली. वेढे करवतीने कापले, फांद्या एक तृतीयांश ठेवल्या, तिन्ही बाजूंनी बांबूचे टेकू दिले. तीन जगली. उभ्या राहिलेल्या चौदांचं काय, असं काकांनी विचारलं. मी एकेकाचा बुंधा छातीच्या उंचीला धरून हलवून बघितला. नीट रुजलेलं झाड हलवलं की बुंधा वाकतो आणि बुडाशी माती स्थिर राहते. यातल्या नवांच्या बुडाशी माती गोल भेगाळत होती. नवांना टेकू बांधले. ते टेकू आजही आहेत आणि दर मे महिन्यात मी ते बघायला जातो, काढायचं धैर्य ना मला आहे ना काकांना.

पैसे परत करतो म्हणालो. नको म्हणाले. सव्वीस लहान कलमं मी फुकट दिली, ती घेतली. पण ती लावताना पडक्या खड्ड्यांची डागडुजी, माती, मजूर सगळं पुन्हा त्यांचंच झालं, आणि गेलेली चार वर्षं कोणत्या पावतीवर लिहायची? ‘तीन वर्षं वाचवा’ म्हणून मीच रंगवलं होतं.

त्या जूनमध्ये लहान कलमं टेम्पोतून उतरवताना मी त्यांना जोशात सांगत होतो की काका, आता मुळापासून नीट होईल, गडग्यामागची दहा लहान बघा, एकसुद्धा पडलं नाही. काका म्हणाले, “ही मोठी व्हायला किती वर्षं?” म्हटलं, धरायला लागून नीट सावली पडेपर्यंत सहा-सात. ते म्हणाले, “मी एकाहत्तरचा आहे. तेवढा वेळ असता तर तुझ्याकडे मोठी घ्यायला आलो असतो का?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजून नाही. मोठं कलम मागणारा प्रत्येक माणूस दिखाऊ किंवा उतावळा नसतो. आणि गडग्यामागच्या दहांचंही खरं सांगायचं तर ती पुरावा म्हणून टिकत नाहीत. ती उंचीने कमी होती आणि आडोशाला होती. सड्याच्या मधोमध असती तर काय झालं असतं कोण जाणे. तरीही ती मी दर गिऱ्हाइकाला पुरावा म्हणून सांगतो.

तुम्ही म्हणाल, मग मोठी कलमं विकणं बंद का केलं नाही? विचार केला होता. 2021 मध्ये बोर्डावरचं ते वाक्य पुसलं. एक वर्ष मोठं कलम ठेवलंच नाही. लोक आले, बघितलं, आणि पुढच्या नर्सरीत जाऊन मोठी घेतली, आंबा लागलेली. आंबा लागलेलं म्हणजे चांगलं असं वाटतं ना? काडी मोठ्या धरत्या झाडाची असते, त्यामुळे पिशवीत गुदमरलेलं कलमही मोहरतं. तो आंबा त्याच्या तब्येतीचा दाखला नाही. पण टेम्पोत चढवताना तो डोळ्यांना दिसतो, मुळं दिसत नाहीत.

आता मी ठेवतो, पण दुसऱ्याच पावसाळ्यात कापून, आणि तीन वर्षांच्या वर एकही नाही. जी त्या मुदतीत खपत नाहीत ती खड्ड्यात जातात. म्हणून मर वाढली, नासाडी वाढली, आणि तुम्ही 2017 मध्ये 600 ला नेलेलं आज 900 झालं. म्हणजे तुमच्या प्रश्नातला फरक मीच वाढवून ठेवलाय. 2014 चा मी असतो तर मला हसला असता. म्हणाला असता, तीनशेतली साधारण अडीचशे तर आजही कुठे ना कुठे उभी असतील, त्यांच्या मालकांचा फोन आलाय का? नाही आला. ती उभी आहेत की पडली हे मी विचारायलाही गेलो नाही. पत्ते वहीत आहेत.

तेव्हा यंदा याल तेव्हा एवढं करा. उंची नंतर बघा. आधी पिशवी दोन्ही हातांनी दाबा. वीट दाबल्यासारखी लागली तर सोडा. बुडाची भोकं बघा, त्यातून पेन्सिलीएवढं मूळ बाहेर आलं असेल तर सोडा. थोडं पाणी ओतून बघा, कडेने सर्रकन खाली उतरलं तर सोडा. काकी तिथेच असते, तिला विचारलंत तर ती मला न विचारता सांगेल. हे माझ्याकडेही करा, माझ्या तोंडावर.

मांगराच्या मागे गेल्या वर्षीची 210 उरलेली आहेत. पाऊस लागला की कापायची. कालच एक जण त्यातली वीस मागायला आला होता, मोठी आहेत म्हणून. कापल्यावर पानं गळतील आणि ऑक्टोबरपर्यंत नेता येणार नाहीत म्हटल्यावर तो म्हणाला, “मग न कापलेलीच द्या की.” मी दिली नाहीत. पण त्याने 700 म्हटलं होतं आणि मी उत्तर द्यायला किती वेळ घेतला, ते काकीने पाइप धरून बघितलंय.